सातशे चव्वेचाळीस रुपयांची तूट

गेल्या महिन्यात सोलापुरातल्या एका वाचनालयात कथावाचन झाले. एका तरुण लेखकाने डिलिव्हरी करणाऱ्या मुलाची कथा वाचली आणि पुढे बराच वेळ वाद रंगला. कथेतला मुलगा रात्री साडेअकराला सात रस्त्याजवळ गाडी लावतो आणि खांबाच्या उजेडात नोटा मोजतो. ॲप म्हणते, 3,862 रुपये भरा. खिशात निघतात 3,118. तूट 744 रुपयांची. सकाळी दहापर्यंत भरणा झाला नाही तर आयडी ब्लॉक. मुलगा मेहुण्याला फोन लावून उसने पैसे मागतो आणि कथा तिथेच संपते. ऐकणाऱ्यांचे लगेच दोन गट पडले. पोराने पैसे वापरले आणि लेखक त्याच्यावर उगाच माया करतो आहे, असे एका गटाचे म्हणणे. दुसऱ्या गटाला कंपनीत सावकार दिसत होता. पोराचा प्रामाणिकपणा आणि कंपनीची नियत यांवर भरपूर बोलणे झाले. 744 हा आकडा आला कुठून, हे एका माणसाचा अपवाद सोडला तर कोणी विचारले नाही.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. तूट कोणी भरायची हे ठरवण्याआधी ती कशाची आहे, हे दाखवायला हवे. दाखवण्याचे काम वही ज्याच्या हातात आहे त्याचे. ते होईपर्यंत वादातली रक्कम मुलाच्या खिशातून काढता कामा नये. आणि वादात नसलेली रक्कम त्याने त्याच रात्री भरली पाहिजे, हेही मी तितक्याच जोराने म्हणतो. मुलगा चांगला की वाईट, या प्रश्नाचा याच्याशी फारसा संबंध नाही. नोटा मोजून माणसाचे चारित्र्य ठरवता येत नाही, आणि चारित्र्यावरून तूटही उलगडत नाही.

लेखकाचे एका गोष्टीसाठी कौतुक केले पाहिजे. त्याने मुलाचा दिवस तपशिलाने लिहिला आहे, त्यामुळे हिशेब मांडता येतो. सकाळी घरून निघताना मुलगा सुट्ट्यांसाठी स्वतःचे 200 रुपये खिशात टाकतो. दुपारी त्याच खिशातून 300 रुपयांचे पेट्रोल भरतो. जुळे सोलापुरात 486 रुपयांची कॅश ऑर्डर असते. दारात बाई म्हणतात, “रोख नाहीत ओ, स्कॅन करते.” ॲपवरचा कोड त्या स्कॅन करतात, त्यांच्या फोनवर पैसे गेल्याचा संदेश येतो, मुलाच्या फोनवर मात्र चक्र फिरत राहते. बाई फोन दाखवतात, दार लावून घेतात. ऑर्डर बंद केल्याशिवाय पुढची मिळत नाही आणि बंद करायला दोनच बटणे आहेत: ऑनलाइन मिळाले, रोख मिळाले. पहिले दाबले जात नाही, म्हणून तो दुसरे दाबतो. संध्याकाळी विडी घरकुलात 372 रुपयांची ऑर्डर. पिशवीत 118 रुपयांचा एक पदार्थ आलेलाच नसतो. घरातले काका 254 रुपये हातावर ठेवतात. मदत केंद्र सांगते, वजावट “थोड्या वेळात दिसेल”. रात्री साडेअकरापर्यंत ती दिसलेली नसते.

आता मांडा. 486 रुपये रोख म्हणून चढले, पण रोख कधी आलेच नाहीत. 118 रुपयांचा माल दिलाच नाही, तरी येणे कायम. पेट्रोलच्या 300 पैकी 200 त्याचे स्वतःचे होते, म्हणजे कंपनीचे 100 त्याने वापरले. बेरीज 704. उरले 40 रुपये. ते सुट्ट्यांत गेले असतील, कुठे वीसची नोट जास्त परत गेली असेल, कुठे गिऱ्हाइकाने “राहू दे बे, तीन रुपयांना काय” म्हटले असेल. या 40 रुपयांचा उलगडा कथेत नाही, आणि खऱ्या रोजमेळातही थोडे असे राहतेच.

म्हणजे 744 पैकी 140 रुपये मुलाकडे निघतात आणि 604 रुपये निघत नाहीत. कथेवरचे दोन्ही गट इथे सारखेच उघडे पडतात. ‘पोराने वापरले’ म्हणणाऱ्यांचे 100 रुपयांपुरते खरे आहे. ‘कंपनीने लुबाडले’ म्हणणाऱ्यांचे 604 रुपयांपुरते खरे आहे. पण पडद्यावर एकच आकडा येतो आणि त्या आकड्याच्या पोटात चार वेगवेगळ्या जातीच्या रकमा आहेत, हे पडदा सांगत नाही. खरा अन्याय त्या एकाच आकड्यात आहे.

मघाशी म्हटलेला अपवाद म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले एक रोखपाल. ते मागच्या बाकावरून म्हणाले, “तुटीचे निम्मे करा. 372. त्याच रकमेची ऑर्डर आहे ना? मग ती नोंद उलट्या बाजूला पडली आहे.” सभेत क्षणभर चमत्कार झाल्यासारखे वाटले. नियम जुना आणि खरा आहे: वजा करायची रक्कम चुकून जमेला धरली, तर फरक दुप्पट पडतो, म्हणून फरकाच्या निम्मी रक्कम वहीत शोधायची. दुसरा नियमही ते सांगत होते. फरकाला 9 ने भाग गेला तर आकड्यांची अदलाबदल झाली असावी, 486 चे 468 लिहिले गेले असावे. 744 ला 9 ने भाग जात नाही. पण निम्म्याचा नियमही इथे फसवतो. 372 ची नोंद उलटी पडलेली नाही. काकांनी 254 दिले हे कथेत स्पष्ट आहे, आणि ते दिले नसते तर खिशातली रक्कम आणखी कमी निघाली असती. निम्मे जुळले तो योगायोग होता. हे मी रोखपालसाहेबांना खिजवण्यासाठी सांगत नाही. आकड्याकडे आकडा म्हणून पाहणारे त्या खोलीत ते एकटेच होते. पण अशा नियमांनी कुठे पाहायचे ते कळते. काय झाले ते ऑर्डरनिहाय नोंद उघडल्यावरच कळते. तीस-चाळीस वर्षे रोकड मोजलेला माणूसही बेरजेवरून अंदाज बांधताना चुकला, तर रात्री साडेअकराला दमलेल्या पोराने फक्त बेरीज पाहून काय शोधायचे?

आता कंपनीच्या बाजूचे म्हणणे ऐकू, कारण ते पोकळ नाही. रोख रक्कम कुठल्या दारात कुठल्या हातातून आली, हे कंपनीला दिसत नाही. दारात माणूस एकच होता, डिलिव्हरीचा मुलगा. तूट निघाल्यावर ‘चौकशी होईपर्यंत थांबा’ म्हटले, तर उद्या शंभर जण ‘पैसे अडकले’ म्हणतील आणि त्यातले काही खोटे असतील. पदार्थामागे सुटणारी रक्कम थोडी असते. रोकड गळू लागली तर धंदा बसतो. दुसरे, ‘रोख मिळाले’ हे बटण मुलाने स्वतःच्या बोटाने दाबले. स्वतः दिलेली कबुली नंतर फिरवायची कशी? तिसरे, स्वतःचे पैसे आणि कंपनीचे पैसे एकाच खिशात ठेवायला त्याला कोणी सांगितले होते?

तिसऱ्या आक्षेपापासून सुरू करतो, कारण तो मला निम्मा मान्य आहे. पैसे मिसळू नयेत. एसटीचा वाहक ड्युटीवर चढताना जवळची खासगी रक्कम वेबिलावर लिहितो. वाटेत तपासणी झाली, तर महामंडळाचे किती आणि त्याचे किती हे कागदावरच कळते. जादा रक्कम निघाली तरी त्याला जाब द्यावा लागतो. ही शिस्त कडक आहे, आणि तीच वाहकाचे रक्षणही करते. पण वेबिलावर तो रकाना महामंडळाने छापलेला आहे. कथेतल्या ॲपमध्ये ‘सुट्ट्यांसाठी आणलेले’ असा रकाना कुठे आहे? सुटे पैसे कंपनी देत नाही. 486 ला 500 ची नोट मिळाली तर 14 रुपये मुलानेच कुठून तरी आणायचे. म्हणजे धंद्याची गरज भागवायला स्वतःचे पैसे आणायला लावायचे आणि मग ते मिसळले म्हणून दोष द्यायचा. पेट्रोलचे 100 रुपये त्याने वापरले, ते त्याने भरावेत. त्यावर वाद नाही.

बटणाच्या कबुलीचे काय? कबुलीला अर्थ यायचा असेल, तर खरे सांगायची सोय असली पाहिजे. त्या दारात खरे उत्तर होते ‘गिऱ्हाइकाकडून गेले, माझ्याकडे दिसत नाहीत’. ते सांगणारे बटण नव्हते. दोन खोट्या उत्तरांतले एक निवडल्याशिवाय पुढचे काम मिळत नसेल, तर निवडलेल्या उत्तराला कोणते कोर्ट कबुली म्हणेल?

आता पहिला आणि सर्वांत जड आक्षेप. दारात मुलगा एकटाच होता हे रोखीपुरते खरे आहे, पण 486 रुपये रोखीतले नव्हतेच. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला 12 आकडी संदर्भ क्रमांक असतो. तो बाईंच्या फोनवर आहे, त्यांच्या बँकेकडे आहे, आणि कोड कंपनीचा असल्यामुळे कंपनीच्या बँकेकडून येणाऱ्या हिशेबात तो सापडेल किंवा नाही सापडणार, दोन्हीतून उत्तर मिळते. मुलाने तो क्रमांक बाईंच्या पडद्यावर दोन सेकंद पाहिला. डिलिव्हरी संपली की बाईंना फोन लावायची सोयही बंद होते. म्हणजे शोधण्याची साधने सगळी एका बाजूला आणि शोधण्याची जबाबदारी दुसऱ्या बाजूला. शिवाय वेळेचाही मेळ बसत नाही. रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकाप्रमाणे दुकानदाराला यूपीआयने दिलेले पैसे खात्यातून वजा झाले पण पोच मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत ते आपोआप परत गेले पाहिजेत. उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई. बँका आणि यूपीआयचे जाळे यांना एका अडकलेल्या रकमेचा छडा लावायला 5 दिवस मिळतात. पोराला सकाळी दहापर्यंतचा वेळ.

खोटे बोलणाऱ्यांची भीतीही याच 5 दिवसांत विरते. ‘अडकले’ असे खोटे सांगणारा सहाव्या दिवशी बँकेच्या हिशेबात उघडा पडतो, कारण त्या ऑर्डरवर यूपीआयचा प्रयत्नच झालेला नसतो. एकदा सापडेल, दुसऱ्यांदा काम जाईल. चोराला ही पद्धत अवघडच जाईल. उलट आजच्या पद्धतीत चोर आणि सरळ माणूस यांच्याकडून सारखीच वसुली होते, म्हणून कंपनीला दोघांतला फरक कधी कळतच नाही.

‘यंत्र चुकत नाही, माणूस चुकतो’ हे गृहीत धरले की काय होते, याचा मोठा दाखला ब्रिटनमध्ये आहे. तिथल्या पोस्टाने 1999 पासून आपल्या शाखांत होरायझन नावाची प्रणाली बसवली. ती फुजित्सु कंपनीची. यातल्या बऱ्याच शाखा गल्लीतले दुकानदार करारावर चालवत. संध्याकाळी गल्ल्यातली रोकड आणि होरायझनचा आकडा जुळेना. त्यांना सांगितले गेले की तूट तुम्ही भरा, करारात तसे आहे. अनेकांना असेही सांगितले गेले की हा त्रास फक्त तुमच्याकडेच होतो आहे, बाकी कोणाची तक्रार नाही. कोणी बचत मोडली, कोणी घर गहाण टाकले. 1999 ते 2015 या काळात 900 हून अधिक जण चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरले. संगणक नीट चालतो असे गृहीत धरायचे, ही तिथल्या कायद्याची रीत होती. तो बिघडला होता हे आरोपीने सांगायचे, आणि तो आतून पाहायची त्याला मुभा नव्हती. ॲलन बेट्स या शाखाचालकाने आणि इतर शेकडो जणांनी दावा लढवला, तेव्हा 2019 मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीत दोष होते हे मान्य केले. शाखाचालकाला न कळता त्याच्या हिशेबात बाहेरून बदल करता येत होता, हेही समोर आले. 2024 मध्ये संसदेला कायदा करून शेकडो शिक्षा एकदम रद्द कराव्या लागल्या.

आपल्या मुलावर खटला भरलेला नाही आणि 744 रुपये म्हणजे गहाण पडलेले घर नव्हे, हा फरक मला दिसतो. पण त्या प्रकरणातली एक गोष्ट इथे जशीच्या तशी लागू पडते. शाखाचालक खिशातून भरत होते म्हणून पोस्टाचे हिशेब जुळत होते, आणि हिशेब जुळत होते म्हणून दोष शोधायची गरज कोणाला वाटत नव्हती. सोलापुरात एका रात्री वीस जणांच्या रकमा अशा अडकल्या आणि वीस जणांनी सकाळी मेहुण्याकडून, मित्राकडून आणून भरल्या, तर कंपनीच्या पडद्यावर काय दिसेल? सगळे ठीक. लगेच केलेली वसुली बिघाडाचा पुरावाच पुसून टाकते.

आणि ब्रिटनपर्यंत जायची गरज आहे असेही नाही. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या बायकांना हे सगळे पाठ आहे. कारखान्यातून पान-तंबाखू मोजून मिळायची आणि ठरलेल्या इतक्या विड्या परत द्यायच्या. पाने फाटकी, वाळकी निघाली तरी आकडा तोच. कमी पडलेले पान पदरच्या पैशाने बाजारातून आणायचे. वर छाट. तपासणारा जुडीतल्या विड्या बाजूला काढी आणि त्यांची मजुरी बुडे. माल किती दिला आणि किती खराब होता, याची वही मालकाची. त्या काळीही दोन गट होते. ‘बाया पाने घरी ठेवून घेतात’ म्हणणारे होते, ‘मालक लुटतो’ म्हणणारे होते. 1966 च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने यात न पडता एक व्यवहारी गोष्ट केली. कच्चा माल किती दिला, किती विड्या छाटल्या, छाटलेल्यांचे पैसे द्यायचे की नाही, एवढ्याच तीन वादांसाठी कलम 39 मध्ये झटपट निवाड्याची वेगळी सोय ठेवली. ‘या घरी बसून वळतात, आमच्या नोकर नाहीत’ ही मालकांची पळवाटही व्याख्येतच बुजवली: घरी माल नेऊन वळणारी बाई कामगारच. मालक न्यायालयात गेले आणि 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. कायद्याने छाट थांबली नाही, अंमलबजावणीच्या कहाण्या पूर्व भागात घरोघरी ऐकायला मिळतात. पण वाद कशाबद्दल आहे हे तरी कागदावर ठरले.

डिलिव्हरीच्या मुलाला आज ‘भागीदार’ म्हणतात. तो नोकर असता, तर 1936 च्या वेतन अदायगी कायद्यातले तत्त्व त्याला मिळाले असते: हिशेब द्यायच्या रकमेची तूट पगारातून कापायची, तर ती थेट त्याच्या हलगर्जीपणामुळे झालेली असली पाहिजे आणि कापण्याआधी त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. आता त्या कायद्याची जागा 2019 च्या वेतन संहितेने घेतली आहे, पण हे तत्त्व कायम आहे. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ‘गिग कामगार’ ही व्याख्या आणली, पण तिचा रोख विमा आणि कल्याणनिधीकडे आहे. राजस्थानने 2023 मध्ये नोंदणी आणि कल्याणाचा कायदा केला. हे सगळे हवेच. पण अपघात विम्याचा कागद हातात असलेल्या मुलाला रात्री साडेअकराला 744 चे तुकडे करून दाखवणारे कोणी नाही, ही उणीव तशीच राहते. तो नोकर की भागीदार हा मोठा वाद सुटेपर्यंत थांबायचे कारणही नाही. भागीदार म्हणत असाल, तर भागीदाराला वही पाहायचा हक्क आधी असतो.

मग करायचे काय? आपल्या पेढ्यांवरच्या रोजमेळात याची सोय पिढ्यानपिढ्या होती. ज्या रकमेचा धनी ठरलेला नाही ती उचंत खात्यात टाकायची, दिवस बंद करायचा आणि उलगडा झाला की योग्य खात्यात न्यायची. बँकेत रोखपालाकडे रक्कम जास्त निघाली तर तीही अशीच बाजूला ठेवतात. ॲपमध्ये तिसरे बटण टाकणे हे काही चंद्रावर जाण्याइतके अवघड नाही: ‘पैसे अडकले’. ते दाबले की 486 रुपये उचंतात. पदार्थ कमी आल्याची तक्रार नोंदली की 118 रुपये उचंतात. पडद्यावर तूट ऑर्डरनिहाय दिसेल आणि मुलाकडून रात्री फक्त 140 रुपये मागितले जातील. ते त्याने भरावेत, नाही भरले तर आयडी ब्लॉक करा. मी त्याची बाजू घेणार नाही.

सहाव्या दिवशी 118 चा निकाल मदत केंद्राच्याच नोंदीवरून लागतो. 486 चे दोन शेवट संभवतात. पैसे कंपनीच्या खात्यात आले असतील तर विषय मिटला. बँकेने ते बाईंच्या खात्यात परत टाकले असतील, तर जेवण फुकट पडले ते बाईंना. त्यांचा पत्ता, नंबर आणि पुढची ऑर्डर कंपनीकडे आहे. मागची बाकी पुढच्या बिलात लावता येते. त्या दारात परत जाऊन 486 रुपये मागण्याचा ना हक्क मुलाकडे आहे, ना नंबर.